सॉर्टेड अ‍ॅरेवर टू पॉइंटर: जोडीची बेरीज, जागच्या जागी डुप्लिकेट काढणं, आणि हे बरोबर का येतं

टू पॉइंटर म्हणजे अ‍ॅरेतल्या दोन जागांवर खुणा ठेवून त्या ठरलेल्या नियमाने सरकवत उत्तर शोधणं. त्याचा कोड जेमतेम आठ-दहा ओळींचा असतो, दोन-तीनदा लिहिला की पाठ होतो. पण कुणी विचारलं की बेरीज कमी आली तर डावाच पॉइंटर पुढे का न्यायचा, उजवा परत मागच्या जागेवर नेऊन का नाही बघायचा, मधल्या जोड्या तपासल्याच नाहीत त्यांचं काय, तर बरेच जण तिथेच अडकतात. मीही खूप दिवस अडकायचो, कोड बरोबर उत्तर द्यायचा पण मला त्याच्यावर भरवसा नसायचा. नंतर एक गोष्ट लक्षात आली आणि सगळं सुटत गेलं: पॉइंटर हलवणं म्हणजे काहीतरी कायमचं सोडून देणं. नेमकं काय सोडलं आणि ते सोडलं तरी चालतं हे कशावरून, एवढं प्रत्येक हालचालीला सांगता आलं की अल्गोरिदम समजला, मग तो पाठ करावा लागत नाही. या लेखात दोनच प्रश्न घेतलेत आणि दोन्ही याच नजरेने बघणार आहोत.

पहिला प्रश्न: बेरीज टार्गेटइतकी होणारी जोडी

लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेला अ‍ॅरे दिलाय आणि एक टार्गेट दिलंय. दोन वेगवेगळ्या जागांवरचे आकडे असे शोधायचेत की त्यांची बेरीज टार्गेटइतकी येईल. आपण हा अ‍ॅरे घेऊ आणि टार्गेट १५ धरू:

```
index:  0  1  2  3   4   5   6   7
a    =  1  4  6  9  13  18  20  27
```

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक जोडी तपासायची, दोन लूप एकात एक. इथे आठ आकडे आहेत म्हणजे २८ जोड्या, काहीच नाही. पण आकडे एक लाख झाले की जोड्या जवळपास ५०० कोटी होतात आणि प्रोग्राम बसून राहतो. टू पॉइंटरने एक लाख आकड्यांना जास्तीत जास्त ९९,९९९ बेरजा लागतात, हा फरक कुठून येतो ते पुढे मोजूनच बघू.

कोड असा:

```python
def pair_sum(a, target):
    i, j = 0, len(a) - 1
    while i < j:
        s = a[i] + a[j]
        if s == target:
            return i, j
        if s < target:
            i += 1
        else:
            j -= 1
    return None
```

`i` डाव्या टोकाला, `j` उजव्या टोकाला. बेरीज जमली तर काम झालं, कमी पडली तर `i` एक घर पुढे, जास्त झाली तर `j` एक घर मागे, आणि दोघं एकमेकांना भेटले की थांबायचं. आता टार्गेट १५ ठेवून हे हाताने चालवून बघा, खरंच कागदावर करा कारण पुढचं सगळं याच सात ओळींवर उभं आहे:

```
1 + 27 = 28  > 15   j--
1 + 20 = 21  > 15   j--
1 + 18 = 19  > 15   j--
1 + 13 = 14  < 15   i++
4 + 13 = 17  > 15   j--
4 +  9 = 13  < 15   i++
6 +  9 = 15  सापडली
```

मधल्या जोड्या न बघता कशा सोडल्या?

पहिलीच ओळ घ्या. १ आणि २७ ची बेरीज २८ आली, १५ पेक्षा जास्त. आता १ हा सगळ्या अ‍ॅरेतला सगळ्यात लहान आकडा आहे, म्हणजे २७ ला याहून लहान जोडीदार मिळणारच नाही. सगळ्यात लहान जोडीदार घेऊनही बेरीज जास्तच होतेय तर ४ घेऊन, ६ घेऊन, ९ घेऊन ती आणखी वाढेल, कमी होण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे २७ कुठल्याही उत्तरात असू शकत नाही. आपण बेरीज एकच केली पण २७ च्या सातही जोड्या त्या एका बेरजेने बाद झाल्या, आणि `j` मागे घेणं म्हणजे फक्त एवढंच की २७ ला खेळातून बाहेर काढलं.

चौथी ओळ उलट्या बाजूची आहे. १ आणि १३ ची बेरीज १४, कमी पडली. या घडीला खेळात उरलेल्यांपैकी सगळ्यात मोठा १३ आहे, तो घेऊनही १ ला १५ गाठता येत नाही, मग ४, ६, ९ घेऊन तर नाहीच. म्हणून १ बाहेर, `i` पुढे.

इथे एक शंका येते आणि ती यायलाच हवी: उरलेल्यांमध्ये १३ सगळ्यात मोठा आहे ठीक, पण १ ची १८ बरोबर किंवा २० बरोबर जोडी जमली असती तर? ते उजवीकडे मागे राहिले ना? तर ते मागे राहिलेले नाहीत, ते आधीच बाद ठरवलेले आहेत. १८ ला बाहेर काढलं तेव्हाच सिद्ध झालं होतं की १८ कुणाहीबरोबर उत्तर देत नाही, त्यात १ सुद्धा आलाच. म्हणून `j` ला परत उजवीकडे न्यायची गरज कधीच पडत नाही. सोडलेला प्रत्येक आकडा कारण देऊन सोडलाय आणि ते कारण पुढे कितीही पॉइंटर हलले तरी बदलत नाही.

हेच एका वाक्यात बांधलं तर असं होतं: लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, उत्तराची जोडी असलीच तर ती `i` पासून `j` पर्यंतच्या पट्ट्यातच आहे. सुरुवातीला पट्टा म्हणजे सगळा अ‍ॅरे, त्यामुळे वाक्य खरं. प्रत्येक हालचालीत आपण फक्त असाच आकडा काढतो जो उत्तरात असूच शकत नाही, त्यामुळे वाक्य खरंच राहतं. शेवटी पट्ट्यात एकच आकडा उरला तर त्यात जोडी बसत नाही, म्हणजे उत्तर नव्हतंच. अशा सतत खऱ्या राहणाऱ्या वाक्याला इन्व्हेरियंट म्हणतात, आणि डुप्लिकेटच्या प्रश्नात पण हेच हत्यार लागणार आहे.

आता मोजणी. टार्गेट १५ च्या ऐवजी १६ घ्या, या अ‍ॅरेत १६ ची जोडीच नाही. पहिल्या सहा बेरजा त्याच येतात, सातवी ६ आणि ९ ची १५, ती १६ ला कमी पडते, `i` पुढे जातो आणि `j` ला भेटतो, संपलं. सात बेरजांत आपण खात्रीने म्हणालो की नाही. पहिल्या बेरजेने सात जोड्या बाद केल्या कारण आठ आकडे खेळात होते, दुसरीने सहा, तिसरीने पाच, असं करत सातवीने एक. सात अधिक सहा अधिक पाच अधिक चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक म्हणजे बरोबर २८. एकही जोडी सुटलेली नाही, फक्त प्रत्येकीला वेगळं विचारलं नाही. मला स्वतःला हा हिशोब जुळताना बघितला तेव्हाच या पद्धतीची खात्री पटली, त्यामुळे कुणाला समजावताना मी आधी हाच करून दाखवतो.

दोन्ही पॉइंटर टोकांनाच का ठेवायचे

हा प्रश्न फार कमी जण विचारतात पण खरी गंमत इथेच आहे. समजा `i = 0` आणि `j = 1` असे दोन्ही डावीकडून सुरू केले, बेरीज १ अधिक ४ म्हणजे ५, टार्गेट १५. कमी पडली. आता काय करायचं? `i` पुढे नेला तरी बेरीज वाढते, `j` पुढे नेला तरी वाढते, दोन रस्ते आहेत आणि कुठला घ्यायचा हे ठरवायला काहीच आधार नाही. बरं, ५ कमी आहे यावरून कुणाला बाद करता येतं का? १ ला नाही, कारण त्याला ४ पेक्षा मोठे जोडीदार पुढे आहेत. ४ ला पण नाही, त्याच कारणाने. म्हणजे बेरीज केली आणि हाती काहीच लागलं नाही.

टोकांना ठेवलं की चित्र बदलतं, कारण तिथे एक पॉइंटर हलवला की बेरीज फक्त वाढू शकते आणि दुसरा हलवला की फक्त कमी होऊ शकते. शिवाय टोकावरचा आकडा हा समोरच्यासाठी मिळू शकणारा सगळ्यात टोकाचा जोडीदार असतो, त्यामुळे एक उत्तर सगळ्या रांगेसाठी लागू पडतं. नवीन प्रश्न समोर आला की टू पॉइंटर चालेल का हे मी असंच तपासतो: एका तुलनेनंतर कुणाला तरी पूर्ण बाद करता येतंय का? येत नसेल तर पॉइंटर कसेही नाचवले तरी ते बरोबर आहे असं म्हणता येणार नाही.

कुठे चुकतं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे `while i <= j`. एका बरोबरच्या चिन्हाने काय होतं हे बघायचं असेल तर वरच्याच अ‍ॅरेत टार्गेट १८ द्या. बेरजा २८, २१, १९, १४, १७, १९, १५ अशा येतात आणि शेवटी दोन्ही पॉइंटर इंडेक्स ३ वर, म्हणजे ९ वर येऊन थांबतात. `i < j` असेल तर लूप संपतो आणि `None` मिळतं, जे बरोबर आहे. `<=` असेल तर ९ अधिक ९ बरोबर १८, सापडली म्हणून ओरडतो, पण ९ तर एकदाच आहे, तोच आकडा दोनदा वापरला. ही चूक बहुतेक इनपुटवर दिसतच नाही, फक्त टार्गेट एखाद्या आकड्याच्या दुप्पट असलं की वर येते, म्हणून मुद्दाम तसं टार्गेट देऊन बघायचं.

दुसरी चूक म्हणजे सॉर्ट नसलेल्या अ‍ॅरेवर हेच चालवणं. `[6, 1, 9, 4]` आणि टार्गेट १५ घ्या, ६ आणि ९ ची जोडी डोळ्यांना दिसतेय. कोड काय करतो? ६ अधिक ४ दहा, कमी, म्हणून ६ बाद. झालं, उत्तर तिथेच गेलं. पुरावा कुठे मोडला तेही बघा: आपण म्हणत होतो की `j` वर उरलेल्यातला सगळ्यात मोठा आकडा आहे, इथे तिथे ४ होता आणि ९ मध्येच लपला होता. एरर येत नाही, क्रॅश होत नाही, नुसतं शांतपणे चुकीचं `None` येतं, त्यामुळे इनपुट सॉर्टेड आहे असं प्रश्नात स्पष्ट दिलं नसेल तर गृहीत धरू नका.

मग आधी सॉर्ट करून घ्यावं का? करता येतं, पण सॉर्टिंगला `O(n log n)` वेळ लागतो आणि मूळ इंडेक्स हरवतात. प्रश्नाने मूळ अ‍ॅरेतले इंडेक्स मागितले असतील तर आकड्याबरोबर त्याचा इंडेक्स बांधून ती जोडगोळी सॉर्ट करावी लागते, नाहीतर सरळ हॅश मॅप वापरावा, आतापर्यंत बघितलेले आकडे त्यात ठेवायचे आणि प्रत्येक नव्या आकड्याला `target - x` आधी येऊन गेलाय का ते बघायचं. माझं मत विचाराल तर अ‍ॅरे सॉर्ट नसेल आणि एकच जोडी हवी असेल तर हॅश मॅपच बरा. अ‍ॅरे आधीच सॉर्टेड असेल तर मात्र टू पॉइंटरला जास्तीची मेमरी लागतच नाही, दोन इंडेक्स सोडले तर काही ठेवायचं नाही, तिथे हॅश मॅप आणणं म्हणजे हातातली माहिती फेकून देणं.

सी++ किंवा जावात लिहित असाल तर बेरजेवर लक्ष ठेवा. ३२ बिटच्या `int` मध्ये २१४,७४,८३,६४७ च्या पुढे आकडा मावत नाही, दोन मोठे आकडे मिळवले की बेरीज ओव्हरफ्लो होऊन बहुधा निगेटिव्ह दिसते, मग कोडला वाटतं कमी पडली आणि भलताच पॉइंटर हलतो. बेरीज करायच्या आधीच आकडे `long long` किंवा `long` मध्ये बदलून घ्यायचे, बेरीज झाल्यावर बदलून उपयोग नाही. पायथनमध्ये हा त्रास नाही.

आणि एक, सगळ्या जोड्या मोजायच्या असतील तर प्रश्न नीट वाचा. `[3, 3, 5, 5]` आणि टार्गेट ८, जोड्या किती? आकड्यांच्या वेगळ्या जोड्या हव्यात तर एकच, ३ आणि ५. इंडेक्सच्या जोड्या हव्यात तर चार, कारण दोन तीनांपैकी कुठलाही आणि दोन पाचांपैकी कुठलाही घेता येतो. आणि जोडी सापडल्यावर नुसतं `i += 1` आणि `j -= 1` केलं तर येतात दोन, म्हणजे दोन्हीपैकी कुठलंच नाही. वेगळ्या जोड्या हव्या असतील तर जोडी सापडल्यावर दोन्ही पॉइंटर तोच आकडा असेपर्यंत ढकलत न्यायचे. इंडेक्सच्या जोड्या हव्या असतील तर दोन्ही बाजूंना तो आकडा किती वेळा आलाय ते मोजून गुणायचं, आणि दोन्हीकडे आकडा तोच असेल, म्हणजे उरलेला सगळा पट्टाच एका आकड्याचा असेल, तर `m` आकड्यांच्या `m*(m-1)/2` जोड्या धरून थांबायचं.

दुसरा प्रश्न: जागच्या जागी डुप्लिकेट काढणं

आता पॉइंटर दोनच पण चाल वेगळी, दोघंही एकाच दिशेने जातात, एक पुढे धावतो आणि दुसरा मागून हळू येतो. प्रश्न असा: सॉर्टेड अ‍ॅरेतले डुप्लिकेट काढायचे, प्रत्येक आकडा एकदाच राहिला पाहिजे, नवीन अ‍ॅरे बनवायचा नाही, आणि शेवटी किती वेगळे आकडे उरले ते सांगायचं.

बरेच जण पहिल्यांदा डुप्लिकेट दिसला की तिथेच `del a[i]` करतात. उत्तर नीट लिहिलं तर बरोबर येतं, पण मधलं एक घर काढलं की त्याच्या मागचे सगळे आकडे एकेक घर पुढे सरकवावे लागतात. एक लाख आकडे सगळे सारखे असले तर हे सरकवणं मिळून परत जवळपास ५०० कोटींवर जातं. शिवाय `for` लूप चालू असताना त्याच लिस्टमधून काढत गेलं की पुढचा आकडा नजरेतून सुटतो, ते वेगळंच दुखणं.

काढण्याचा विचारच सोडून द्या. उलटं म्हणा की मला ठेवायचे आकडे पुढच्या भागात एकामागे एक लिहायचेत. `r` वाचत जातो, `k` म्हणजे पुढचा ठेवायचा आकडा लिहायची जागा, आणि तोच आतापर्यंत किती ठेवले त्याचा आकडा पण आहे:

```python
def dedupe(a):
    k = 0
    for r in range(len(a)):
        if k == 0 or a[r] != a[k - 1]:
            a[k] = a[r]
            k += 1
    return k
```

चालवून बघू, `[3, 3, 5, 5, 5, 8, 9, 9]` वर. ज्या फेरीत काही लिहिलं तेवढ्याच फेऱ्या दाखवतो, बाकीच्यात `r` नुसता पुढे गेला:

```
r=0  3 लिहिला   k=1   3 3 5 5 5 8 9 9
r=2  5 लिहिला   k=2   3 5 5 5 5 8 9 9
r=5  8 लिहिला   k=3   3 5 8 5 5 8 9 9
r=6  9 लिहिला   k=4   3 5 8 9 5 8 9 9
```

उत्तर `k = 4`, पहिली चार घरं ३, ५, ८, ९. त्याच्या पुढे ५, ८, ९, ९ असं काहीतरी पडलंय, ते उरलेलं आहे, त्याला अर्थ नाही. नवीन लोक इथे घाबरतात की अ‍ॅरे तर तेवढाच आहे, डुप्लिकेट गेलेच नाहीत. अ‍ॅरेची लांबी आपण बदललीच नाही, `k` च्या पुढचं वाचायचं नाही एवढाच करार आहे. खरंच छोटा करायचा असेल तर पायथनमध्ये शेवटी एकदाच `del a[k:]`, सी++ मध्ये `a.resize(k)`. सी++ चं `std::unique` हुबेहूब असंच वागतं, ते अ‍ॅरे लहान करत नाही, फक्त कुठपर्यंत कामाचं आहे ते परत देतं, म्हणूनच त्याच्याबरोबर `erase` लिहावं लागतं.

हे का बरोबर आहे

इथे दोन गोष्टी पटवून घ्यायच्यात. पहिली, फक्त शेवटच्या ठेवलेल्या आकड्याशी तुलना करून कसं चालतं, आधी ठेवलेल्या सगळ्यांशी का नाही? कारण अ‍ॅरे सॉर्टेड आहे म्हणजे सारखे आकडे शेजारी शेजारीच असतात. `a[r]` हा आधी कधी ठेवला गेला असेल तर तो सगळ्यात शेवटीच ठेवलेला असणार, त्याच्यानंतर दुसरा कुठला ठेवला असता तर तो त्याच्याहून मोठा असता, आणि मोठ्यानंतर परत लहान येणं सॉर्टेड अ‍ॅरेत शक्य नाही. सॉर्ट नसेल तर ही भिंत पडते, `[3, 5, 3]` मध्ये शेवटच्या ३ ची तुलना ५ शी होते आणि तो खुशाल ठेवला जातो. टर्मिनलवरचं `uniq` पण फक्त शेजारच्या ओळीशीच तुलना करतं म्हणून त्याच्या आधी `sort` लावायची सवय आहे, कारण तेच.

दुसरी गोष्ट, आपण त्याच अ‍ॅरेत लिहितोय आणि त्यातूनच वाचतोय, तर अजून न वाचलेला आकडा पुसला जाणार नाही का? नाही, कारण `k` कधीच `r` च्या पुढे जात नाही. `r` प्रत्येक फेरीत एक घर पुढे जातो, `k` कधी जातो कधी नाही, आणि सुरुवात दोघांची शून्यापासून. म्हणून लिहायची जागा नेहमी आत्ता वाचत असलेल्या घरावर किंवा त्याच्या मागे असते. पुसला जातो तो आधीच वाचून झालेला आकडा, त्याचं काम संपलेलं असतं.

इथला इन्व्हेरियंट असा: `r` ची फेरी सुरू होताना, पहिल्या `k` घरांत `r` च्या आधीच्या सगळ्या आकड्यांपैकी प्रत्येक वेगळा आकडा बरोबर एकदा, चढत्या क्रमाने आहे. नवा आकडा शेवटच्या ठेवलेल्यासारखाच असेल तर काही करायचं नाही, वाक्य खरंच राहतं. वेगळा असेल तर तो मोठाच असणार, मागे जोडला, परत खरं. `r` संपला की तेच वाक्य पूर्ण अ‍ॅरेबद्दल झालं.

`k == 0 or` हा तुकडा काढून टाकायचा मोह होतो, त्याबद्दल थोडं सांगतो. पायथनमध्ये `k` शून्य असताना `a[k - 1]` म्हणजे `a[-1]`, म्हणजे शेवटचा आकडा. एरर येत नाही. `[4, 4, 4]` दिला तर पहिल्या ४ ची तुलना शेवटच्या ४ शी होते, सारखे म्हणून ठेवलाच जात नाही, आणि असं करत उत्तर येतं शून्य. इतर बहुतेक अ‍ॅरेवर मात्र सगळं बरोबर दिसतं, त्यामुळे ही चूक सापडायला उशीर लागतो. काही जण `k = 1` पासून सुरू करतात, ते पण चालतं, फक्त मग रिकामा अ‍ॅरे आला तर १ परत जातो, त्याची तपासणी आधी वेगळी करायला हवी.

पायथनवाल्यांसाठी आणखी एक. फंक्शनच्या आत `a = sorted(set(a))` लिहिलं तर फक्त आतलं नाव नव्या लिस्टकडे वळतं, ज्याने फंक्शन बोलावलं त्याची लिस्ट आहे तशीच राहते. `a[:] = sorted(set(a))` लिहिलं तर मूळ लिस्ट बदलते खरी, पण त्यासाठी बाजूला सेट आणि नवीन लिस्ट बनली, म्हणजे जागच्या जागी ही अट मोडलीच.

प्रत्येक आकडा जास्तीत जास्त दोनदा ठेवायचा असेल तर

हा बदल मुद्दाम घेतोय कारण वरची समज पक्की आहे का ते इथे कळतं. आता नवा आकडा ठेवायचा की नाही हे ठरवताना शेवटून दुसऱ्या ठेवलेल्या आकड्याशी तुलना करायची, तो जर तोच असेल तर दोन आधीच ठेवलेत, तिसरा नको. अट होते `k < 2 or a[r] != a[k - 2]`, बाकी कोड तोच.

पण खूप जण इथे `a[r - 2]` लिहितात. एकदाच ठेवायच्या प्रश्नात `a[r - 1]` शी तुलना केली तरी उत्तर बरोबर येतं, कारण `a[r - 1]` वर काही लिहिलं गेलं असेल तर ते त्याचंच त्याच्यावर लिहिलेलं असतं, `k` तिथे असेल तर `r` पण तिथेच होता. ती सवय इथे आणली की फसते. `[1, 1, 1, 2, 2, 3]` घ्या. `r = 3` ला पहिला २ इंडेक्स २ वर लिहिला जातो, तिथे आधी १ होता. पुढच्या फेरीत `r = 4`, तुलना `a[2]` शी, आणि तिथे आता आपणच लिहिलेला २ बसलाय. कोडला वाटतं दोन घरं मागे पण २ च होता म्हणजे हा तिसरा, आणि दुसरा २ गळतो. उत्तर येतं १, १, २, ३, हवं होतं १, १, २, २, ३. `a[k - 2]` शी तुलना केली तर हा घोळ होत नाही, कारण इन्व्हेरियंट पहिल्या `k` घरांबद्दल बोलतो, तिथलंच वाचलं तर काय वाचतोय याची खात्री आहे. `k` आणि `r` च्या मधला भाग म्हणजे अर्धवट पुसलेली पाटी, तिथून काही वाचून निर्णय घ्यायचा नाही.

स्वतःचा कोड तपासायचा कसा

दोन-तीन उदाहरणं हाताने देऊन समाधान मानू नका, वरच्या सगळ्या चुका तशा तपासणीतून सहज निसटतात. छोटे छोटे रँडम अ‍ॅरे बनवून ब्रूट फोर्सच्या उत्तराशी जुळवायचं, हे दहा ओळींत होतं:

```python
import random
from itertools import combinations

for _ in range(20000):
    n = random.randint(0, 7)
    a = sorted(random.randint(-5, 5) for _ in range(n))
    t = random.randint(-10, 10)
    want = any(x + y == t for x, y in combinations(a, 2))
    got = pair_sum(a, t)
    assert (got is not None) == want, (a, t)
    b = a[:]
    k = dedupe(b)
    assert b[:k] == sorted(set(a)), a
```

लांबी शून्यापासून ठेवलीय म्हणजे रिकामा आणि एकाच आकड्याचा अ‍ॅरे आपोआप येतो, आणि आकडे मुद्दाम उणे ५ ते ५ मध्येच ठेवलेत म्हणजे डुप्लिकेट भरपूर पडतात, रेंज मोठी केली तर डुप्लिकेट क्वचित येतील आणि `dedupe` ची परीक्षाच होणार नाही. `pair_sum` मध्ये `<` चं `<=` करून हे चालवा, बघता बघता `assert` पडेल आणि कुठल्या अ‍ॅरेवर पडला ते समोर येईल. त्यातला सगळ्यात छोटा अ‍ॅरे घ्यायचा, `[3]` आणि टार्गेट ६ सारखा, तो कागदावर चालवायचा, आणि प्रत्येक हालचालीच्या शेजारी लिहायचं की आत्ता कुठला आकडा सोडला आणि का. ज्या ओळीत का च्या पुढे काही लिहिता आलं नाही, किंवा सोडायला काही नसतानाच उत्तर आलं, बग त्याच ओळीत असतो.